एक्सेलची सूत्रं शिकायची आहेत: अ‍ॅप, व्हिडिओ की क्लास? (पतसंस्थेतलं काम)

स्वाती_कराड

नमस्कार मंडळी. कराडजवळ शिक्षकांची एक पगारदार पतसंस्था आहे, तिथे मी लिपिक आहे. दर महिन्याला आम्ही शाळांना मागणी यादी पाठवतो. म्हणजे कोणत्या सभासदाची वर्गणी किती, कर्जाचा हप्ता किती, एकूण कपात किती. शाळा पगारातून कापून रक्कम बँकेत भरतात आणि सोबत वसुली यादी पाठवतात. ती कधी एक्सेलमध्ये येते, कधी पीडीएफमध्ये, तर कधी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून. मागणी आणि वसुली जुळवून कोणाचं किती राहिलं ते काढणं हे माझं काम. आजवर दोन्ही याद्या छापून, पट्टी धरून, पेन्सिलीने खुणा करत आलेय. आता सचिव म्हणतात एक्सेलमध्ये करा.

एमएस-सीआयटी झालंय, पण बेरीज-सरासरीच्या पुढे फार काही लक्षात नाही. फोनवर एक्सेल शिकवणारी दोन-तीन अ‍ॅप घेतली. त्यात सूत्रांची यादी असते आणि खाली चार पर्यायांचे प्रश्न. प्रश्नांची उत्तरं बरोबर येतात, पण ऑफिसात फाइल उघडली की यातलं नेमकं काय वापरायचं ते सुचत नाही. एका व्हिडिओत बघून VLOOKUP लिहिलं, तर निम्म्या सभासदांसमोर #N/A आलं. क्रमांक तर दोन्ही याद्यांत डोळ्यांना दिसतोय!

कोणतं अ‍ॅप किंवा कोणते व्हिडिओ चांगले? मराठीत असतील तर फारच छान. ऑफिसात एक्सेल 2016 आहे. घरी मुलाचा लॅपटॉप आहे, त्यावर ऑफिस नाही.

निखिल_हिंजवडी

VLOOKUP सोडाच. ते जुनं झालं. XLOOKUP शिका, सगळे प्रश्न मिटतील. डावीकडे-उजवीकडे कुठेही शोधतं, रकाना मोजत बसावं लागत नाही आणि सापडलं नाही तर काय दाखवायचं तेही त्यातच सांगता येतं.

```
=XLOOKUP(A2,Vasuli!A:A,Vasuli!C:C,0)
```

शेवटचा 0 म्हणजे क्रमांक सापडला नाही तर शून्य दाखव. #N/A चा त्रासच नाही.

स्वाती_कराड

निखिल, धन्यवाद. लिहून बघितलं. सगळीकडे #NAME? आलं. स्पेलिंग तीनदा तपासलं.

प्रमोद७१

ताई, पदोन्नतीसाठी एमएस-सीआयटीचं जुनं प्रमाणपत्र चालतं का, की परत करावं लागतं? आमच्याकडे यावरून गोंधळ चालू आहे. तुमच्या संस्थेत काय नियम आहे?

स्वाती_कराड

प्रमोदजी, माझा प्रश्न प्रमाणपत्राचा नाही हो, सूत्रांचा आहे. आमची संस्था सहकारी आहे, तुमच्या सेवेचे नियम वेगळे असतील. तुमच्या आस्थापना शाखेत विचारलेलं बरं.

ताळेबंद

स्वातीताई, मी सांगलीकडे सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण करतो. पगारदार संस्थांच्या अशा याद्या वर्षानुवर्षं हातून गेल्या आहेत, त्यामुळे सविस्तर लिहितो.

आधी #NAME? बद्दल. स्पेलिंग बरोबरच आहे. XLOOKUP हे सूत्र मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये आणि एक्सेल 2021 पासून आहे. 2016 ला ते नावच माहीत नाही, म्हणून ते तसं म्हणतं. शिकायला कोणताही व्हिडिओ लावण्यापूर्वी त्यात कोणती आवृत्ती वापरली आहे ते बघा. FILTER, UNIQUE, SORT ही नवी सूत्रंसुद्धा तुमच्या ऑफिसात चालणार नाहीत. हल्लीचे निम्मे व्हिडिओ त्यांच्यावरच असतात आणि शिकणाऱ्याला वाटतं की आपलंच काही चुकतंय.

पण XLOOKUP चाललं असतं तरी तुमचा प्रश्न सुटला नसता. VLOOKUP ला जो क्रमांक सापडत नाही तो XLOOKUP ला पण सापडत नाही. आणि निखिलने शेवटी जे 0 ठेवलं आहे त्याने तर जास्त नुकसान झालं असतं. निम्म्या सभासदांसमोर निमूट शून्य वसुली आली असती आणि त्यांना थकबाकीची पत्रं गेली असती. #N/A दिसतंय हे चांगलं आहे. काहीतरी जुळत नाही हे ते तुम्हाला सांगतंय.

आता एक करून बघा. #N/A आलेला एक सभासद घ्या. समजा मागणी यादीत तो A2 मध्ये आहे आणि वसुली यादीत तोच A7 मध्ये. एका रिकाम्या चौकटीत हे लिहा:

```
=A2=Vasuli!A7
```

FALSE येईल. मग वर जिथे सूत्र दिसतं त्या पट्टीत जाऊन फक्त A2 एवढाच भाग माउसने निवडा आणि F9 दाबा. काय दिसतं ते लिहून घ्या. Esc दाबून बाहेर या, नाहीतर सूत्राच्या जागी तो आकडाच कायमचा बसेल. मग तसंच Vasuli!A7 निवडून F9. दोन्हीकडे काय दिसलं ते इथे टाका.

स्वाती_कराड

ताळेबंद सर, ऑफिसच्या लॅपटॉपवर F9 दाबलं की आवाज कमी-जास्त होतो. सूत्राला काहीच होत नाही.

ताळेबंद

Fn धरून F9 दाबा.

स्वाती_कराड

झालं! पहिल्याला `412` दिसलं. दुसऱ्याला `"00412 "` दिसलं, अवतरणचिन्हांसकट. आणि 2 नंतर थोडी मोकळी जागा आहे.

ताळेबंद

यातच सगळं आलं. अवतरणचिन्हं म्हणजे एक्सेलच्या लेखी तो आकडा नाही, मजकूर आहे. तुमच्या मागणी यादीत 412 ही संख्या आहे आणि शाळेच्या यादीत 00412 ही अक्षरं आहेत. शेवटी एक स्पेससारखं काहीतरी चिकटलंय ते वेगळंच. पडद्यावर बघून हा फरक सहज कळत नाही. एक बाहेरची खूण मात्र असते: कोणी मुद्दाम बदललं नसेल तर संख्या चौकटीत उजवीकडे सरकून बसते आणि मजकूर डावीकडे.

ती स्पेस कसली आहे तेही बघा. `=LEN(Vasuli!A7)` लिहा. 00412 ची पाच अक्षरं, तर उत्तर 6 येईल. मग `=CODE(RIGHT(Vasuli!A7,1))` लिहा. 32 आलं तर साधी स्पेस, TRIM ने जाते. 160 आलं तर ती वेबपानावरून किंवा पीडीएफमधून आलेली न तुटणारी स्पेस. TRIM तिला हात लावत नाही.

स्वाती_कराड

160 आलं. त्या शाळेने यादी कुठूनतरी कॉपी करून पाठवलेली असणार.

झेडपी_लिपिक

आमच्याकडचा अनुभव सांगतो, उपयोग होईल. क्रमांक नसेल तर नावावरून जुळवू असा विचार मनात आला असेल तर तो करू नका. जुन्या याद्या श्रीलिपीत किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. चौकटीत "शिंदे" दिसतं, पण वरच्या सूत्राच्या पट्टीत बघितलं की इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र खुणा दिसतात. आत खरोखर तेच साठवलेलं असतं, देवनागरी फक्त फाँटचा मुखवटा असतो. युनिकोडमधल्या "शिंदे"शी ते जन्मात जुळणार नाही.

बरं, दोन्ही याद्या युनिकोडमध्ये असल्या तरी एक जण शिंदे लिहितो, दुसरा शिन्दे. एक जण आडनाव आधी लिहितो, दुसरा शेवटी. आम्ही आमच्या सगळ्या याद्यांत पहिला रकाना कर्मचारी क्रमांकाचा सक्तीचा केला, तेव्हा कुठे याद्या जुळायला लागल्या.

निखिल_हिंजवडी

ताळेबंद सर, आवृत्तीचा मुद्दा मान्य. मी 365 वर काम करतो त्यामुळे लक्षात आलं नाही. पण एररच्या जागी दुसरं काही दाखवणारं IFERROR वापरायला काय हरकत आहे? वरिष्ठांना #N/A ने भरलेली शीट कोणी दाखवत नाही.

ताळेबंद

वरिष्ठांना दाखवायच्या प्रतीत जरूर वापरा, पण सगळ्यात शेवटी आणि शून्याऐवजी "यादीत नाही" असं लिहून. जुळवणी चालू असताना नको. "वसूल शून्य" आणि "यादीत सापडला नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात सभासदाला पत्र जातं, दुसऱ्यात शाळेला फोन.

स्वातीताई, आता प्रत्यक्ष काम. दोन शीट ठेवा, Magni आणि Vasuli. सगळ्या शाळांच्या याद्या Vasuli मध्ये एकाखाली एक आणा: A मध्ये सभासद क्रमांक, B मध्ये नाव, C मध्ये रक्कम. प्रत्येक शाळेच्या यादीखाली असलेली "एकूण" ची ओळ काढून टाका. मग D2 मध्ये हे लिहून खाली ओढा:

```
=VALUE(TRIM(SUBSTITUTE(A2,CHAR(160)," ")))
```

सूत्र आतून बाहेर वाचायचं. आधी 160 वाल्या स्पेसच्या जागी साधी स्पेस येते, मग TRIM त्या कडेच्या स्पेस काढतं, आणि उरलेल्या 00412 चं VALUE ने 412 होतं. काही ओळींत #VALUE! येईल. तिथे कोणीतरी "412/ब" असं काही लिहिलेलं असतं किंवा क्रमांकच नसतो. त्या ओळी हाताने बघा, त्या थोड्याच असतात.

मूळ A रकाना पुसू नका. शाळेने काय पाठवलं होतं त्याचा तो पुरावा आहे.

स्वाती_कराड

केलं. D मध्ये सगळे क्रमांक उजवीकडे बसले. मोजक्या ओळींत #VALUE! आहे, त्या सगळ्या एकाच शाळेच्या आहेत आणि तिथे क्रमांकाच्या जागी नावाची आद्याक्षरं आहेत. आता VLOOKUP परत लावू का? क्रमांक आता D मध्ये आहे आणि रक्कम C मध्ये, म्हणजे डावीकडे. VLOOKUP फक्त उजवीकडचं आणतं असं अ‍ॅपमध्ये वाचलं होतं.

ताळेबंद

बरोबर वाचलंत. पण VLOOKUP न वापरण्याचं त्याहून मोठं कारण आहे. तुमच्या यादीत एकाच सभासदाच्या दोन ओळी असतात का? वर्गणी वेगळी, हप्ता वेगळा?

स्वाती_कराड

हो, काही शाळा तसंच पाठवतात. क्रमांक 412 चंच आहे तसं. मागणी 6,500 ची, त्यात वर्गणी 1,000 आणि हप्ता 5,500. शाळेने दोन ओळी लिहिल्या आहेत.

ताळेबंद

VLOOKUP ला पहिली ओळ सापडली की ते थांबतं. त्याने 1,000 आणलं असतं आणि 412 च्या नावावर 5,500 थकीत दिसले असते. एररसुद्धा आला नसता. तुम्हाला "शोधून आण" असं सूत्र नको, "या क्रमांकाच्या सगळ्या ओळींची बेरीज कर" असं हवं. ते SUMIFS. तुमच्या Magni शीटमध्ये एकूण मागणी F मध्ये आहे असं धरतो. G2, H2 आणि I2 मध्ये अनुक्रमे:

```
=SUMIFS(Vasuli!C:C,Vasuli!D:D,A2)
=F2-G2
=COUNTIFS(Vasuli!D:D,A2)
```

G म्हणजे वसूल, H म्हणजे फरक, I म्हणजे वसुली यादीत किती ओळी सापडल्या. SUMIFS ला काही सापडलं नाही तरी ते शून्यच देतं, म्हणून I हवा. I मध्ये 0 असेल तर सभासद यादीतच नाही. I मध्ये 1 किंवा 2 असून G शून्य असेल तर रकमेत घोटाळा आहे.

स्वाती_कराड

412 समोर 6,500 आले आणि फरक शून्य! I मध्ये 2.

पण एका शाळेच्या सगळ्याच सभासदांसमोर I मध्ये 1 आणि G मध्ये 0 येतंय. रक्कम तर यादीत लिहिलेली दिसतेय. 5,500/- अशी.

ताळेबंद

त्या /- मुळे. हाताने पावती लिहायची सवय संगणकावर आली. "5,500/-" हा मजकूर झाला आणि SUMIFS मजकुराची बेरीज करत नाही, एररही देत नाही. C रकाना निवडा, Ctrl+H, शोधा मध्ये /- आणि बदला मध्ये काहीच नाही. आकडे उजवीकडे सरकतील.

मग दरवेळी एक तपासणी करत जा. `=COUNT(Vasuli!C:C)` फक्त संख्या मोजतं आणि `=COUNTA(Vasuli!C:C)` भरलेल्या सगळ्या चौकटी मोजतं. दोन्हीत फक्त शीर्षकाच्या एका ओळीचा फरक असायला हवा. जास्त असेल तर तेवढ्या रकमा अजून मजकूर आहेत.

संगणकवर्ग_लातूर

चर्चा चांगली चाललीय, पण मला थोडं वेगळं मांडायचंय. मी संगणक वर्ग चालवते. असं थेट स्वतःच्या फाइलवर उडी मारून शिकलेली माणसं पुढे एका ठिकाणी हमखास अडकतात, ते म्हणजे $ ची खूण. ताळेबंद सरांनी C:C, D:D असे पूर्ण रकाने दिलेत म्हणून सूत्र खाली ओढताना काही बिघडलं नाही. त्या जागी C2:C300 लिहिलं असतं तर पुढच्या ओळीत ते C3:C301 झालं असतं आणि खाली खाली जाताना वरच्या ओळी गळत गेल्या असत्या. `$C$2:$C$300` लिहिलं की ते जागचं हलत नाही. सूत्रात असताना F4 दाबलं की $ लागतात. हा एक धडा नीट केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मराठीत शिकायचं तर आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे, spoken-tutorial.org वर. मोफत आहे आणि धडे छोटे आहेत. त्यात एक्सेल नाही, लिबरऑफिस कॅल्क आहे, पण चौकटी, सूत्रं, ओढणं, वर्गीकरण हे पायाचं सगळं सारखंच. त्यांची पद्धत अशी की पडद्याच्या अर्ध्या भागात व्हिडिओ आणि अर्ध्या भागात कॅल्क उघडं ठेवायचं, तो थांबवत थांबवत आपण करत जायचं. लिबरऑफिस फुकट आहे, मुलाच्या लॅपटॉपवर टाकता येईल.

इंग्रजी चालत असेल तर जीसीएफग्लोबलचे एक्सेलचे धडे वाचायला सोपे आहेत आणि सोबत सरावाची फाइल मिळते.

स्वाती_कराड

वाचायला इंग्रजी चालतं, ऐकायला जरा जड जातं. लिबरऑफिसमध्ये SUMIFS चालतं का?

निखिल_हिंजवडी

चालतं. SUMIFS, COUNTIFS, VLOOKUP सगळं आहे. 24.8 आवृत्तीपासून तर XLOOKUP पण आलंय. त्याशिवाय मायक्रोसॉफ्टचं खातं उघडलं की ब्राउझरमध्ये एक्सेल मोफत वापरता येतं.

तिथे मात्र एक लक्षात ठेवा. वेबवरच्या एक्सेलमध्ये XLOOKUP चालतं. घरी त्यात फाइल बनवून ऑफिसच्या 2016 मध्ये उघडली तर सुरुवातीला उत्तर ठीक दिसेल, पण सूत्राच्या पट्टीत `_xlfn.XLOOKUP` असं दिसेल आणि परत हिशेब करायला लावला की #NAME?. हे मी स्वतः बघितलंय, आमचे एक क्लायंट जुनी आवृत्ती वापरतात. म्हणून घरच्या सरावातही SUMIFS वर आणि डावीकडचंही शोधून आणणाऱ्या INDEX-MATCH वरच राहा.

व्हिडिओंमध्ये मला ExcelIsFun आवडतं. माइक गर्विन म्हणून अमेरिकेतले प्राध्यापक आहेत. त्यांच्या व्हिडिओंखाली सरावाची फाइल उतरवून घेता येते. बोलतात भरभर, पण फाइल समोर असली की आवाज बंद करूनही कळतं. एखादं सूत्र अडलं तर Exceljet वर त्या सूत्राचं पान वाचा, उदाहरणं छोटी असतात.

ताळेबंद

संगणकवर्ग ताईंचा $ चा मुद्दा शंभर टक्के खरा. आमचा मतभेद फक्त क्रमाचा आहे. माझं म्हणणं, गरज पडली की तो धडा उघडावा. आज SUMIFS लागलं, तर आज SUMIFS चंच पान वाचावं.

अ‍ॅपबद्दल स्वातीताईंनी पहिल्याच प्रश्नात नेमकं सांगितलंय. चार पर्यायांतून सूत्र ओळखणं आणि समोरच्या यादीला कोणतं सूत्र लागेल हे ठरवणं ही दोन वेगळी कामं आहेत. अ‍ॅपमधल्या याद्या स्वच्छ असतात. 00412 नसतं, /- नसतं, एकाच माणसाच्या दोन ओळी नसतात. फोनवर सराव करायचाच असेल तर प्रश्नमंजूषेऐवजी फोनवरचं एक्सेल किंवा गूगल शीट्स घ्या आणि दहा ओळींची बनावट यादी करून त्यात SUMIFS स्वतः टाइप करा. त्या यादीत मुद्दाम एक क्रमांक मजकूर म्हणून घाला. आकड्याआधी एकेरी अवतरणचिन्ह दिलं की तो मजकूर होतो. मग काय बिघडतं ते बघा.

आणखी एक शिक्षक एक्सेलच्या आतच बसलेला आहे. सूत्राचं नाव आणि कंस लिहून झाला की Shift+F3 दाबा. एक खिडकी उघडते, प्रत्येक भागासाठी वेगळी ओळ असते आणि त्या ओळीसमोर आत्ता काय किंमत येतेय ते दिसतं. 412 की "00412" तेही तिथेच कळतं.

झेडपी_लिपिक

एक विनंती. सरावासाठी घरी किंवा ऑनलाइन खात्यात खरी यादी नेऊ नका. सभासदांची कर्जं, हप्ते हा खाजगी तपशील आहे. नावं काढून, क्रमांक आणि रकमा बदलून न्या. मदत मागायला इथे फोटो टाकतानाही तेच.

निखिल_हिंजवडी

झेडपीदादांशी सहमत.

ताळेबंद सर, मला एक शंका आहे. VLOOKUP ला 412 आणि "412" वेगळे वाटतात, पण SUMIFS ला मी टेस्ट केलं तर ते दोन्ही एकच धरतंय. मग D रकाना करायची गरज काय होती?

ताळेबंद

निरीक्षण अचूक आहे. SUMIFS आणि COUNTIFS आकड्यासारख्या दिसणाऱ्या मजकुराला आकडाच मानतात. "00412" सुद्धा त्यांना 412 वाटतो. पण मागे 160 ची स्पेस चिकटली की जमत नाही. म्हणून D.

आणि हा उदारपणा एका ठिकाणी फार घातक आहे: बँकेचे खाते क्रमांक. एक्सेल संख्येचे 15 अंकच धरतं. 16 अंकी क्रमांक संख्या म्हणून टाइप केला तर शेवटचा अंक शून्य होतो. म्हणून लोक तो मजकूर म्हणून ठेवतात, ते योग्यच. पण COUNTIFS त्या मजकुराला परत संख्या समजून पहिले 15 अंकच बघतं. त्यामुळे फक्त शेवटच्या अंकात फरक असलेली दोन खाती त्याला एकच वाटतात आणि "दुबार" म्हणून दाखवली जातात. तिथे असं लिहायचं:

```
=SUMPRODUCT(--($B$2:$B$300=B2))
```

बरोबरीची थेट तुलना मजकुराला मजकूरच ठेवते. सभासद क्रमांक तीन-चार अंकी आहेत तोवर स्वातीताईंना याची काळजी नाही.

स्वाती_कराड

आज पूर्ण महिन्याची जुळवणी केली. वसुली यादीची एकूण बेरीज 4,18,300 आहे आणि बँकेतही तेवढेच जमा आहेत. पण माझ्या Magni मधल्या G रकान्याची बेरीज 4,15,800 येतेय. 2,500 कुठे गेले? Magni मध्ये तर सगळं बरोबर दिसतंय.

ताळेबंद

ही बेरीज ताडून बघितलीत हे फार चांगलं केलंत. Magni मध्ये दिसणारच नाही, कारण ती रक्कम अशा क्रमांकावर आली आहे जो तुमच्या मागणीत नाहीच. आता उलट दिशेने बघा. Vasuli च्या E2 मध्ये लिहा आणि खाली ओढा:

```
=COUNTIFS(Magni!A:A,D2)
```

जिथे 0 येईल त्या ओळी बघा. #VALUE! वाल्या ओळी तुम्ही हाताने सुधारल्या नसतील तर त्याही यातच निघतील.

स्वाती_कराड

सापडली. त्या आद्याक्षरांच्या ओळी मी शाळेला विचारून आधीच दुरुस्त केल्या होत्या. ही एकच ओळ आहे, बदली होऊन आलेल्या गुरुजींची. शाळेने त्यांच्या जुन्या तालुक्यातल्या संस्थेचा सभासद क्रमांक लिहिलाय. तो आमच्याकडे कोणाचाच नाही, नशीब! आमच्या कोणाचा असता तर काय झालं असतं?

ताळेबंद

तर ते 2,500 गुपचूप दुसऱ्याच सभासदाच्या नावावर गेले असते. बेरीज जुळली असती, ओळ सापडली असती, E मध्ये 1 आलं असतं. फक्त त्या सभासदाचा फरक उणे दिसला असता, म्हणजे मागणीपेक्षा वसुली जास्त. म्हणून H रकान्यात उणे आकडे दिसले की आनंद मानू नका, प्रत्येकाचं नाव दोन्ही यादीत ताडून बघा. आणि त्या सभासदाची स्वतःची कपात त्याच महिन्यात आली नसेल तर उणेही दिसणार नाही. क्रमांकासोबत नाव डोळ्यांखालून घालणं एवढाच उपाय मला माहीत आहे.

सध्या ती रक्कम अनामतमध्ये ठेवा आणि शाळेकडून लेखी खुलासा घ्या.

मांडवी

मी पणजीत एका हॉटेलच्या हिशेब विभागात आहे. धागा वाचून धीर आला म्हणून माझं विचारते. बँकेचं स्टेटमेंट सीएसव्ही फाइलमध्ये येतं. उघडलं की काही तारखा उजवीकडे असतात, काही डावीकडे. वर सांगितल्याप्रमाणे F9 करून बघितलं. डावीकडच्या अवतरणचिन्हांत आहेत, `"25/04/2024"`. उजवीकडच्या आकडे आहेत. VALUE लावलं तर एरर येतो. डावीकडच्या तेवढ्या हाताने दुरुस्त करू का?

ताळेबंद

मांडवीताई, थांबा. तुमच्या उजवीकडच्याच जास्त धोक्याच्या आहेत. त्या संगणकावर विंडोजमध्ये तारखेची पद्धत अमेरिकन असणार, म्हणजे महिना आधी. 25 वा महिना नसतो, म्हणून 25/04 ला हात न लावता एक्सेलने तो मजकूर ठेवला. पण 05/04, म्हणजे 5 एप्रिल, त्याने 4 मे म्हणून स्वीकारला. चौकटीत रूप ओळखीचंच दिसतं, आतली तारीख चुकलेली असते. ती 05/04 A2 मध्ये असेल तर `=MONTH(A2)` लिहून बघा, एप्रिलच्या स्टेटमेंटमध्ये 4 ऐवजी 5 येईल.

आता त्या फाइलमध्ये दुरुस्ती करत बसू नका. मूळ सीएसव्ही परत घ्या आणि डबल क्लिक करून उघडू नका. कोरी शीट उघडून Data मधून मजकूर फाइल आत आणा आणि त्या वेळी तारखेच्या रकान्यासाठी DMY निवडा.

निखिल_हिंजवडी

किंवा विंडोजच्या Region मध्ये English (India) करा, मग डबल क्लिकही चालेल.

मांडवी

तो संगणक आमच्या मुख्य कार्यालयाच्या ताब्यात आहे, सेटिंग बदलता येत नाही. Data मधून करून बघते. पण मागच्या महिन्यांच्या ज्या फाइली अशाच उघडून जतन केल्यात आणि ज्यांची मूळ सीएसव्ही आता नाही, त्यांचं काय? 12 तारखेपर्यंतच्या सगळ्या उलटल्या असतील ना?

ताळेबंद

हो, 12 पर्यंतच्या. त्यात ज्यांचा दिवस आणि महिना एकच आकडा आहे, जसं 04/04, त्या तेवढ्या वाचल्या. बँकेकडून स्टेटमेंट परत मिळत असेल तर तेच घ्या. अगदीच मिळत नसेल तर दोन्हीकडच्या तारखांसाठी हे चालतं, बाजूच्या रकान्यात:

```
=IF(ISNUMBER(A2),DATE(YEAR(A2),DAY(A2),MONTH(A2)),DATE(RIGHT(A2,4),MID(A2,4,2),LEFT(A2,2)))
```

तारीख असेल तर दिवस आणि महिना उलटे करून परत बांधतं, मजकूर असेल तर तुकडे करून तारीख बनवतं. पण मधेच कोणी एखादी तारीख हाताने दुरुस्त केली असेल तर हे सूत्र ती पुन्हा उलटवेल. स्टेटमेंटमध्ये व्यवहार तारखेच्या क्रमाने असतात ना? नवा रकाना वरून खाली बघा, कुठे तारीख क्रम सोडून मागे किंवा पुढे गेली तर त्या ओळीत हात लागलेला आहे.

मांडवी

हात लागलेला आहे, हे नक्की. माझ्याआधी इथे दुसरे होते, त्यांनी काय काय बदललं कोणालाच माहीत नाही. क्रम लावून बघते आणि अडलं तर परत येते.

स्वाती_कराड

मांडवीताई, आमच्या बँकेचं स्टेटमेंटही सीएसव्हीतच येतं, मी आत्ताच MONTH लावून बघितलं. आमचं बरोबर आहे.

सर, शाळांना पाठवायचा एक कोरा नमुना बनवतेय, क्रमांक आणि रक्कम असे रकाने आधीच आखून, म्हणजे त्यांनी त्यातच भरून पाठवायचं. रकमेच्या रकान्यात /- लिहूच देऊ नये असं एक्सेलला सांगता येतं का?

संगणकवर्ग_लातूर

येतं. रकाना निवडून Data मध्ये Data Validation, तिथे Whole number निवडा आणि किमान 0, कमाल तुमच्या सगळ्यात मोठ्या कपातीपेक्षा थोडं जास्त द्या. मग /- टाइप केलं की ते नाकारतं. फक्त दुसरीकडून कॉपी करून चिकटवलेलं ते अडवत नाही, त्यामुळे COUNT आणि COUNTA ची तपासणी चालूच ठेवा.